फोनवर ठरलेला मोसंबीचा सौदा : ई-मेलने लेखी नोंद कशी करावी

जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा बहुधा दोन पद्धतींनी विकल्या जातात. एक म्हणजे संपूर्ण बाग उक्ती देणे आणि दुसरी म्हणजे टनावर दर ठरवून देणे. पूर्वी व्यापारी किंवा त्याचा माणूस बागेत येऊन फळे पाही, बांधावर बसून दर ठरे आणि इसाराची रक्कम हातात पडे. चार माणसे साक्षीला असत. आता व्यापारी एकदा बाग पाहून जातो आणि पुढची सर्व बोलणी मोबाईलवर होतात. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला, त्यामुळे बागेवरच होणाऱ्या अशा सौद्यांना वाटही मोकळी झाली. मात्र फोनवर साक्षीदार नसतात. बोलणे संपले की दोघांच्या डोक्यात जे राहील तेवढीच नोंद उरते, आणि पंधरा दिवसांनी गाडी काट्यावर उभी राहते तेव्हा दोघांच्या आठवणी जुळतातच असे नाही.

यावर साधा उपाय म्हणजे फोन ठेवल्यावर लगेच, ठरलेले मुद्दे क्रमाने लिहून व्यापाऱ्यास ई-मेल पाठविणे व त्याचे लेखी उत्तर घेणे. भोकरदन तालुक्यातील राजूर परिसरातील बागाईतदार डोळ्यांपुढे ठेवून, टनावर दिलेल्या आंबिया बहाराच्या सौद्याचे उदाहरण या लेखात घेतले आहे. उदाहरणातील दर, वजने व तारखा हिशेब समजण्यासाठी घेतलेल्या आहेत.

तंटा कोठे निघतो?

दराबद्दल सहसा तंटा होत नाही, कारण दर दोघांच्याही चांगला लक्षात राहतो. तंटा निघतो तो दराभोवतीच्या शब्दांवरून. फोनवरील बोलण्यात पुढील तीन वाक्ये हमखास येतात आणि तिन्ही वाक्यांचे दोन-दोन अर्थ होतात.

पहिले वाक्य, "सूट नेहमीप्रमाणे." मोसंबीच्या व्यापारात टनामागे काही किलो वजन सोडून देण्याची प्रथा आहे. हे वजन बाजारागणिक व व्यापाऱ्यागणिक बदलते. बागाईतदाराच्या मनातील 'नेहमी' म्हणजे गेल्या वर्षीचे ५० किलो आणि व्यापाऱ्याच्या मनातील 'नेहमी' म्हणजे त्याच्या गावच्या बाजारातील १०० किलो असू शकते. १२ टनांच्या बागेत ५० किलोप्रमाणे ६०० किलो सूट जाते, तर १०० किलोप्रमाणे १,२०० किलो. टनाला १८,००० रुपये दर धरला तर या एका शब्दाची किंमत १०,८०० रुपये होते. दर ठरविताना टनामागे दोनशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारा बागाईतदार हा शब्द मात्र एका क्षणात सोडून देतो. दोनशे रुपयांच्या घासाघिशीतून १२ टनांवर २,४०० रुपयेच मिळतात, हे लक्षात घ्यावे.

दुसरे वाक्य, "माल पोहोचला की पैसे." कोठे पोहोचला? व्यापाऱ्याच्या गोदामात, परराज्यातील बाजारात, की तेथे विकला जाऊन त्याच्या खात्यात रक्कम जमा झाल्यावर? यात दोन दिवसांपासून महिन्यापर्यंत फरक पडू शकतो.

तिसरे वाक्य, "डागी माल चालणार नाही." कोळ्यांच्या उपद्रवामुळे फळाची साल काळपट-तपकिरी होते, त्यास आपण मंगू म्हणतो. असे फळ किती काळवंडले म्हणजे ते डागी समजायचे, आणि ते कोणी, कोठे ठरवायचे? निवड बागेत तोडतानाच झाली तर बागाईतदारास ती डोळ्यांनी दिसते. माल दूरच्या बाजारात पोहोचल्यावर "एक टन डागी निघाला" असा फोन आला, तर तो तपासण्याचे साधन त्याच्याजवळ नसते.

म्हणून ई-मेलचे खरे काम दर लिहून ठेवणे एवढेच नाही. 'नेहमीप्रमाणे', 'पोहोचल्यावर' व 'डागी' यांसारख्या शब्दांच्या जागी किलो, दिवस व ठिकाण लिहिणे हे त्याचे मुख्य काम होय. लिहावयास बसल्यावरच कोणता मुद्दा मोघम राहिला आहे हे ध्यानात येते, आणि तो विचारण्याची वेळ माल झाडावर असेपर्यंतच असते.

फोनवर असतानाची तयारी

बोलताना जवळ कागद व पेन ठेवावे. सौद्याची बोलणी शेतात, पंप चालू असताना करू नयेत. व्यापाऱ्याने आकडा सांगितला की तो आपण पुन्हा उच्चारावा : "म्हणजे हजार किलोमागे ५० किलो सूट आणि बाकी काही कपात नाही, बरोबर?" बोलणे संपविण्यापूर्वी, "जे ठरले ते मी मेलने पाठवितो, आपण पाहून उत्तर द्यावे," असे स्पष्ट सांगावे व ई-मेलचा पत्ता एक-एक अक्षर म्हणवून घेऊन लिहावा. आगाऊ सांगितल्यामुळे मेल आल्यावर समोरच्यास अविश्वास दाखविल्यासारखे वाटत नाही.

फोनवर बोलणारा माणूस दलाल आहे की प्रत्यक्ष खरेदीदार, हेही याच वेळी विचारून घ्यावे. दलालाशी बोलणे झाले असेल तर माल कोणत्या पेढीच्या नावे जाणार व पैसे कोणाच्या खात्यातून येणार हे लिहिणे अत्यंत आवश्यक आहे. अशा वेळी मेल दलालास व पेढीस दोघांनाही पाठवावा. नाहीतर पैसे अडकल्यावर दलाल पेढीकडे व पेढी दलालाकडे बोट दाखविते.

मेलचा नमुना

मेल फोननंतर तास-दोन तासांत, निदान त्याच दिवशी पाठवावा. भाषा मराठीच असावी, मात्र व्यापारी परप्रांतीय असल्यास त्यास समजेल अशी हिंदी वापरण्यास हरकत नाही. राजूर येथील एका बागाईतदाराने पाठवावयाचा मेल पुढीलप्रमाणे असेल.

विषय : मोसंबी सौदा, राजूर, आंबिया बहार, १२ सप्टेंबरच्या फोनप्रमाणे

नमस्कार,
आज १२ सप्टेंबर रोजी सकाळी १० वाजता आपले फोनवर बोलणे झाले. त्यात ठरलेले मुद्दे असे :

१. माल : माझ्या राजूर येथील २ एकर बागेतील २२० झाडांवरील आंबिया बहाराची मोसंबी. अंदाजे १२ टन. पैसे मात्र प्रत्यक्ष वजनावर.
२. खरेदीदार : आपली पेढी. सर्व रकमा पेढीच्या बँक खात्यातून.
३. दर : १,००० किलोस १८,००० रुपये, बागेवर.
४. सूट : १,००० किलोमागे ५० किलो. याखेरीज कोणतीही कपात नाही.
५. निवड : तोडताना बागेतच. निम्म्याहून अधिक साल मंगूने काळवंडलेली फळे गाडीत भरावयाची नाहीत. एकदा भरलेला माल परत येणार नाही.
६. तोडणी, भराई व वाहतूक खर्च : आपल्याकडे.
७. वजन : राजूर येथील वजनकाट्यावर, आधी रिकाम्या व नंतर भरलेल्या गाडीचे. काटा-पावतीची एक प्रत माझ्याकडे.
८. इसार : ५०,००० रुपये, १४ सप्टेंबरपर्यंत. शेवटच्या गाडीच्या हिशेबात वळता करावयाचा.
९. पैसे : प्रत्येक गाडीचे, गाडी भरल्याच्या दिवसापासून ३ दिवसांत.
१०. तोडणी : पहिली १८ सप्टेंबरला, दुसरी २८ सप्टेंबरपर्यंत.

न ठरलेला मुद्दा : २८ सप्टेंबरनंतर तोडणी झाल्यास दर कोणता, यावर आपले बोलणे झालेले नाही. त्यासाठी उद्या सकाळी फोन करतो.

यात काही चुकले वा राहिले असल्यास १३ सप्टेंबर दुपारी १२ वाजेपर्यंत कळवावे. बरोबर असल्यास "वरील सर्व मुद्दे मान्य" असे उत्तर पाठवावे. उत्तर आल्यावर तोडणीची तयारी करतो.

या नमुन्यात दोन गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. पहिली, जे फोनवर ठरले तेवढेच 'ठरलेले' म्हणून लिहिले आहे. आपल्या सोयीची एखादी अट हळूच मध्ये घालण्याचा मोह टाळावा. समोरच्याने ती पकडली की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो. दुसरी, जे ठरले नाही ते वेगळे लिहिले आहे. न ठरलेला मुद्दा गाळला तर पुढे दोन्ही बाजू त्यावर आपापला अर्थ लावतात. तो 'न ठरलेला' म्हणून नोंदला गेला, म्हणजे निदान तो अजून ठरवावयाचा आहे याबद्दल दुमत राहत नाही.

बाग उक्ती दिली असल्यास नमुन्यात बदल करावा लागेल. तेथे वजन व सूट यांचा प्रश्न नसतो, परंतु झाडांची संख्या, बाग व्यापाऱ्याच्या ताब्यात गेल्याची तारीख आणि त्या तारखेनंतरची फळगळ, चोरी व पाणी देण्याची जबाबदारी कोणाची, हे मुद्दे येतात. टनावरच्या सौद्यात तोडणीपर्यंतच्या गळीचे नुकसान बागाईतदाराचे असते, म्हणून तेथे तोडणीची तारीख महत्त्वाची. उक्त्या सौद्यात ताब्याची तारीख महत्त्वाची.

उत्तर आले नाही किंवा बदल करून आले तर

मेल पाठविला म्हणजे काम झाले, असा समज चुकीचा आहे. आपला मेल ही सौद्याची एका बाजूने केलेली नोंद होय. समोरचा केवळ गप्प राहिला एवढ्यावरून त्याने मान्यता दिली, असे भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे सर्वसाधारणपणे धरता येत नाही. "दोन दिवसांत उत्तर न आल्यास मान्य समजू" असे एकतर्फी लिहून ही उणीव भरून निघत नाही. मात्र याच कायद्याच्या कलम ८ नुसार, प्रस्तावातील अटीप्रमाणे कृती करणे किंवा त्यासोबत दिलेला मोबदला स्वीकारणे हीसुद्धा मान्यता ठरते. म्हणून कामांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मेल, मग उत्तर, मग इसार आणि शेवटी तोडणी. मेल मिळाल्यावर, कोणतीही हरकत न घेता, त्यात लिहिलेली रक्कम लिहिलेल्या तारखेस खात्यात जमा झाली, तर लेखी उत्तर नसतानाही बागाईतदाराची बाजू बरीच भक्कम होते. इसार आधी घेऊन मेल नंतर पाठविला तर हा फायदा मिळत नाही.

उत्तर येत नसेल तर फोन करून विचारावे. तोडणीची टोळी बागेच्या फाटकापाशी येईपर्यंत थांबू नये, कारण त्या वेळी नाही म्हणणे बागाईतदारास जड जाते.

दुसरी शक्यता अशी की, व्यापारी लिहितो, "बाकी सर्व बरोबर, फक्त सूट ८० किलो धरा." वाचताना ही मान्यता वाटते, पण तशी ती नाही. करार कायद्याच्या कलम ७ नुसार मान्यता पूर्ण व बिनशर्त असावी लागते. एक अट बदलली की तो नवा प्रस्ताव होतो आणि आता होकार किंवा नकार देण्याची पाळी आपली असते. अशा उत्तरावर 'बरं' किंवा 'ठीक' असे लिहू नये, कारण त्याने ८० किलो मान्य केल्यासारखे होते. पुन्हा फोन करावा आणि जे ठरेल ते त्याच मेलला उत्तर म्हणून लिहावे. उदाहरणार्थ :

"आज १३ सप्टेंबर रोजी सकाळी ९ वाजता फोनवर ठरल्याप्रमाणे मुद्दा ४ मधील सूट १,००० किलोमागे ६० किलो. २८ सप्टेंबरनंतर तोडणी झाल्यास दर तोच, १८,००० रुपये. बाकी सर्व मुद्दे १२ सप्टेंबरच्या मेलप्रमाणे कायम. कृपया मान्य असल्याचे कळवावे."

प्रत्येक वेळी नवीन मेल न लिहिता जुन्यालाच उत्तर दिल्यामुळे सर्व बोलणे एका साखळीत, तारखेनिशी एकाखाली एक राहते. शेवटचा मेल कोणता व कशात काय बदलले, हे शोधावे लागत नाही.

काट्यावरचा हिशेब

वरील दुरुस्तीस व्यापाऱ्याचे "मान्य" असे उत्तर आले आणि १४ सप्टेंबरला इसार जमा झाला, असे समजू. १८ सप्टेंबरला पहिली गाडी भरली. रिकामी गाडी ३,९४० किलो, भरलेली १०,४२० किलो, म्हणजे माल ६,४८० किलो. टनामागे ६० किलोप्रमाणे सूट ३८९ किलो. उरले ६,०९१ किलो. किलोस १८ रुपयांप्रमाणे १,०९,६३८ रुपये झाले. ते २१ सप्टेंबरपर्यंत यावयास हवेत.

काट्यावर व्यापाऱ्याचा माणूस म्हणतो, "आमच्याकडे सूट १०० किलो असते." तसे झाले तर ६४८ किलो वजा जाऊन १,०४,९७६ रुपयेच मिळतील, म्हणजे ४,६६२ रुपये कमी. येथे आवाज चढविण्याची गरज नाही. आलेल्या माणसास सौद्याची माहिती नसणे शक्य असते. मोबाईलवर मेल उघडून मुद्दा ४ ची दुरुस्ती व मालकाचे 'मान्य' हे उत्तर त्यास दाखवावे आणि मालकास तेथूनच फोन लावावा. तंटा दोन आठवणींमधला न राहता कागद वाचण्यापुरता उरतो.

त्याच संध्याकाळी वरील हिशेब चार ओळींत, काटा-पावतीच्या फोटोसह, त्याच साखळीत पाठवावा. दुसरी गाडी २७ सप्टेंबरला ५,२०० किलो भरली असे धरू. सूट ३१२ किलो, उरले ४,८८८ किलो, रक्कम ८७,९८४ रुपये. त्यातून इसाराचे ५०,००० वळते करता येणे ३७,९८४ रुपये. इसार शेवटच्या गाडीत वळता करण्याचे कारण येथे लक्षात येते. तो पहिल्याच गाडीत वळता झाला असता तर दुसरी गाडी जाताना बागाईतदाराच्या हाती व्यापाऱ्याची काहीच रक्कम उरली नसती.

मेल जपून ठेवणे व त्याची मर्यादा

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम १०-अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला म्हणून करार निरर्थक ठरत नाही. तोंडी सौदाही कायद्याने होऊ शकतो, पण तो सिद्ध करणे कठीण असते आणि मेलचा उपयोग तेथेच आहे. न्यायालयात मेलची छापील प्रत देताना सोबत विहित प्रमाणपत्र लागते. या विषयावरील सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्यातूनच गेलेल्या प्रकरणात लागला आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हे चित्रीकरणावरून दाखविण्याचा प्रश्न होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशाणराव गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने असे ठरविले की, मूळ उपकरणच हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये ही तरतूद आली असून प्रमाणपत्राचा नमुना त्याच कायद्याच्या अनुसूचीत दिला आहे. त्याचा एक भाग नोंद सादर करणाऱ्याने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. हे काम वकिलामार्फत करावे. बागाईतदाराने एवढेच करावे की मूळ मेल खोडून टाकू नये, पासवर्ड विसरू नये आणि केवळ पडद्याच्या फोटोवर विसंबू नये.

व्हॉट्सअ‍ॅपवर हाच मजकूर पाठविता येतो व व्यापाऱ्याकडे मेल नसेल तर तसेच करावे. परंतु तेथील संदेश पाठविणाऱ्यास नंतर काही काळ बदलता किंवा सर्वांसाठी खोडता येतो, आणि फोन बदलताना जुनी बोलणी हरवण्याचा संभव असतो. पाठविलेला मेल मात्र दोघांच्याही खात्यात स्वतंत्रपणे राहतो. व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग "मेल पाठविला आहे, पाहून उत्तर द्यावे" एवढे कळविण्यासाठी चांगला होतो.

मेलने ऐपत नसलेला व्यापारी पैसे देऊ लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पहिल्या गाडीचे पैसे ठरलेल्या दिवशी आले नाहीत तर मेलमधील मुद्दा ९ दाखवून विचारणा करावी आणि पैसे येईपर्यंत दुसरी गाडी भरू देऊ नये. मोसंबी झाडावर काही दिवस थांबते. गाडीत चढलेला माल थांबत नाही.

थोडक्यात

१. मोघम शब्दांच्या जागी किलो, दिवस व ठिकाण लिहावे.
२. ठरलेले व न ठरलेले मुद्दे वेगवेगळे लिहावेत आणि नवीन अट घुसडू नये.
३. मेल, उत्तर, इसार, तोडणी हा क्रम मोडू नये.
४. बदल सुचविणारे उत्तर ही मान्यता नव्हे. पुन्हा बोलून त्याच साखळीत दुरुस्ती लिहावी.
५. प्रत्येक गाडीचा हिशेब काटा-पावतीसह त्याच दिवशी पाठवावा.